'सूचित होतं' ते 'सिद्ध झालं': शोधनिबंधातल्या क्रियापदांची चढण

माझ्या भाचीचा एम.एस्सी.चा प्रबंध मध्यंतरी माझ्याकडे भाषा तपासायला आला. विषय होता गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजन शेतीतल्या मातीचा खारटपणा. इंग्रजी नीटनेटकं होतं, पण निष्कर्षांच्या प्रकरणात मी अडखळले. पहिला तक्ता काहीतरी 'रिव्हील' करत होता, दुसरा 'डेमॉन्स्ट्रेट' करत होता आणि तिसऱ्या आलेखानं तर थेट 'प्रूव्ह' केलं होतं. मी फोन केला.

"मावशी, सरांनी 'शोज' शब्दाला लाल वर्तुळं घातली," ती म्हणाली. "एका पानात नऊ वेळा आलाय, शब्द बदल म्हणाले. मग मी समानार्थी शब्द शोधले आणि आळीपाळीनं घातले."

सरांची तक्रार रास्त होती. तेच क्रियापद नऊ वेळा वाचणं कंटाळवाणंच. पण तिनं घातलेले शब्द समानार्थी नव्हते. 'सजेस्ट्स', 'इंडिकेट्स', 'शोज', 'डेमॉन्स्ट्रेट्स' हे सगळे शब्दकोशात एकमेकांच्या शेजारी बसतात, शोधनिबंधात मात्र प्रत्येक शब्द वेगवेगळ्या खात्रीचा असतो. एक शब्द बदलला की दावा बदलतो आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. हे फक्त प्रबंध लिहिणाऱ्यांपुरतं नाही. रोज सकाळी आपल्या फोनवर 'संशोधनातून सिद्ध झालं' असं काहीतरी येऊन पडतं, तेव्हा मूळ लेखात 'सिद्ध' होतं की 'सूचित', यावर ती बातमी किती मनावर घ्यायची हे ठरतं.

आधी एक कसोटी: 'वाटलं' आणि 'कळलं'

रायबंदरच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाची दोन वाक्यं घेऊ. "मला वाटलं फेरी सुटली, पण सुटली नव्हती." हे वाक्य ठीक आहे, आपण रोज असं बोलतो. आता दुसरं: "मला कळलं की फेरी सुटली, पण सुटली नव्हती." हे कानाला खटकतं. सुटलीच नव्हती तर कळलं काय? 'कळणं' या क्रियापदातच ती गोष्ट खरी असल्याची कबुली आहे. 'वाटणं' तशी कबुली देत नाही.

भाषाशास्त्रज्ञ 'कळणं'सारख्या क्रियापदांना तथ्यवाचक म्हणतात. पॉल आणि कॅरोल किपार्स्की यांनी १९७० साली हा भेद नीट मांडला, तेव्हापासून भाषेच्या अभ्यासात तो पक्का झाला आहे. शोधनिबंधातली क्रियापदं पारखायला हीच 'पण'ची कसोटी लावायची. "आकडेवारीवरून असं सूचित होतं, पण प्रत्यक्षात तसं नाही" हे चालतं. 'सजेस्ट्स'च्या पुढे 'पण' बसतो. 'इंडिकेट्स'च्या पुढेही तो बसतो, थोडा अवघडून. 'शोज', 'डेमॉन्स्ट्रेट्स', 'रिव्हील्स' यांच्यापुढे तो बसत नाही. "प्रयोगानं दाखवून दिलं की मीठ वाढलं तर पीक घटतं, पण घटत नाही" असं म्हणता येणार नाही.

म्हणजे या सगळ्या शब्दांच्या मधोमध एक मोठी रेघ आहे. रेघेच्या अलीकडे सजेस्ट्स आणि इंडिकेट्स, पलीकडे शोज, डेमॉन्स्ट्रेट्स, रिव्हील्स. अलीकडचा लेखक चुकला तरी खोटा ठरत नाही. पलीकडे गेलेला लेखक वस्तुस्थितीची हमी देतो. भाचीनं आळीपाळीनं शब्द घालताना ही रेघ एका पानात चार वेळा ओलांडली होती.

खाजनातलं एक वाक्य, पायरीपायरीनं

तिच्याच विषयावर हे लावून बघू. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेती. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून पाणी ठरल्या वेळी आत-बाहेर होतं. बांध फुटला किंवा मानशीचं दार कुजलं की खारं पाणी शेतात शिरतं. भाचीनं वेगवेगळ्या कुणग्यांतली माती घेतली आणि तिची विद्युतवाहकता मोजली. मातीच्या अर्कातून वीज जितकी सहज जाते, तितके त्यात क्षार जास्त, हा त्या मोजणीमागचा हिशोब. चार डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर आकडा गेला की मातीला खारट म्हणण्याचा प्रघात आहे.

आता पहिलं वाक्य: मानशीजवळच्या कुणग्यांत आकडा मोठा आहे, डोंगराकडच्या कुणग्यांत लहान. हे तक्त्यात समोर दिसतं. कुणीही बोट ठेवून वाचू शकतं. इथं 'शोज' हाच शब्द योग्य. तक्ता 'दाखवतो', बस्स. 'रिव्हील' केल्यानं तो आकडा जास्त शास्त्रीय होत नाही.

दुसरं वाक्य: मानशीजवळची माती खारट आहे. हे वाक्य पहिल्यासारखंच दिसतं, पण तसं नाही. यंत्रानं मोजली वीज, आपण बोलतो मिठाबद्दल. मधे एक पाऊल आहे. ते पाऊल भक्कम आहे, तरी यंत्रानं मीठ चाखलेलं नाही. एका गोष्टीची खूण पाहून दुसरीबद्दल बोलायचं असतं, तिथं 'इंडिकेट्स'. लिटमसचा कागद लाल झाला की आम्ल आहे असं म्हणतो, तशातली ही गोष्ट. त्या कागदाला इंग्रजीत इंडिकेटर म्हणतात ते याचसाठी. मराठीत मी 'यावरून दिसतं' किंवा 'निर्देश मिळतो' असं लिहीन.

तिसरं वाक्य: जिथं माती खारट, तिथं भात कमी आला, म्हणजे मिठामुळे पीक घटलं. इथं थांबायला हवं. मानशीजवळचे कुणगे सखलही असतात. तिथं पाणी तुंबतं. खेकडे बांध पोखरतात ते तिथंच. शेवटी हाती काही लागणार नाही म्हणून मालक तिथं खतही बेतानं घालतो. पीक घटण्याची ही चार कारणं एकाच ठिकाणी जमली आहेत आणि भाचीनं त्यांतलं एकच मोजलं. मीठ हे कारण असण्याची शक्यता चांगली आहे, कारण भात क्षारांना नाजूक असतो हे आधीपासून माहीत आहे. पण तिच्या आकड्यांवरून फार तर 'सजेस्ट्स' म्हणता येतं. तिनं या ठिकाणी 'डेमॉन्स्ट्रेट्स' घातलं होतं. सगळ्या प्रबंधातला सर्वांत लंगडा दावा, आणि त्यालाच सर्वांत भरभक्कम क्रियापद.

मग 'डेमॉन्स्ट्रेट्स' कधी? समजा तिनं कुंड्या घेतल्या. सगळ्यांत एकच माती, एकच बियाणं, पाणी तेवढंच, खत तेवढंच. फरक फक्त मिठाचा: काहींत शून्य, काहींत थोडं, काहींत जास्त. प्रत्येक पातळीच्या पाच-सहा कुंड्या, म्हणजे एखादं रोप आजारी निघालं तरी फसगत नको. जसं मीठ वाढेल तसं पीक उतरलं आणि मीठ धुऊन काढल्यावर पुन्हा सावरलं, तर 'डेमॉन्स्ट्रेट्स' लिहायला हरकत नाही. कारण इतर वाटा तिनं मुद्दाम बंद केल्या. या शब्दाला मराठीत नेमका जोड आहे: 'दाखवून देणं'. 'दाखवणं' आणि 'दाखवून देणं' यांत जे अंतर, तेच 'शो' आणि 'डेमॉन्स्ट्रेट'मध्ये. तरीही हा दावा कुंडीपुरताच. चोडणच्या शेतात तसंच होतं का, हे पुन्हा 'सजेस्ट्स'वर येतं.

'प्रूव्ह' मात्र तिच्याकडून मी सगळीकडून काढून घेतलं. गणितात सिद्धता असते. तिथं एकदा सिद्ध झालेलं उद्याच्या मोजणीनं हलत नाही. मातीच्या, पिकाच्या, रोगाच्या अभ्यासात उद्याचं मोजमाप आजच्या निष्कर्षाला धक्का देऊ शकतं, म्हणून तिथले जाणते लेखक हा शब्द सहसा हातात घेत नाहीत.

'रिव्हील्स' या चढणीवर कुठं बसतो?

खरं तर कुठंच नाही. खात्रीच्या बाबतीत तो 'शोज'च्याच पातळीवर आहे. त्याचा वेगळेपणा दुसरा: झाकलेलं होतं ते उघडं पडलं, असं तो सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची भिंत फाटलेली दिसली, जमिनीत पाठवलेल्या लहरींनी खालची पोकळी दिसली, अशा ठिकाणी तो शोभतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं पण तिथं असलेलं काहीतरी साधनानं समोर आणलं.

म्हणूनच तो फसवा आहे. 'उघड झालं' म्हटलं की वाचक धरून चालतो की ते तिथं होतंच, आपण फक्त पडदा बाजूला केला. अनुमानानं काढलेली गोष्ट 'रिव्हील' केली की ते अनुमान आहे हेच लपतं. "सर्वेक्षणातून उघड झालं की तरुणांना शेती नको आहे" हे वाक्य घ्या. सर्वेक्षणात तरुणांनी एका प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत. त्यांच्या मनात दडलेलं काहीही उघड झालेलं नाही.

एक खरी चढण: १९५३ ते १९५८

एकाच दाव्याचं क्रियापद पुराव्यानुसार कसं चढत जातं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण डीएनएचं. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा जेमतेम पानभराचा लेख 'नेचर'मध्ये आला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शोधांपैकी एक, आणि सुरुवात काय? आम्ही एक रचना 'सजेस्ट' करू इच्छितो. त्यांच्याकडे प्रतिकृती होती, इतरांच्या क्ष-किरण चित्रांशी ती जुळत होती, पण स्वतःचा प्रयोग नव्हता. शेवटाकडे आणखी एक वाक्य येतं: आम्ही धरलेली ही जोड्यांची मांडणी जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असावी याची एक शक्य रीत लगेच सुचवते, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. 'सुचवते' आणि त्यावर 'शक्य'. एका वाक्यात दोनदा हात आखडता.

सुचवलेली रीत अशी होती की दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येकाच्या शेजारी नवा धागा विणला जातो. म्हणजे प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना, एक नवा. हे खरं असेल तर ते तपासता यायला हवं.

मेसेल्सन आणि स्टाल यांनी ते तपासलं. त्यांनी जिवाणूंना जड नायट्रोजनवर अनेक पिढ्या वाढवलं, म्हणजे त्यांचं सगळं डीएनए जड झालं. मग त्यांना साध्या, हलक्या नायट्रोजनवर नेलं. अतिवेगानं फिरणाऱ्या यंत्रात जड आणि हलकं डीएनए वेगवेगळ्या उंचीवर थांबून पट्टे तयार होतात. एका पिढीनंतर पट्टा एकच दिसला, जड आणि हलक्याच्या बरोबर मधे. जुना रेणू अख्खा राहून नवा वेगळा तयार होत असता, तर दोन पट्टे दिसायला हवे होते. तो पर्याय तिथंच बाद. दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे दिसले: निम्मं मधलं, निम्मं हलकं. जुन्याचे तुकडे सगळीकडे विखुरले जात असते तर एकच, जरासा वर सरकलेला पट्टा दिसला असता. तो पर्यायही बाद. उरली ती सुचवलेली रीत.

हे १९५८ मध्ये छापलं गेलं. आज पाठ्यपुस्तकं म्हणतात की या प्रयोगानं ती रीत दाखवून दिली, आणि ते बरोबर आहे. पण मला थांबवून ठेवते ती त्यांच्या लेखातली सावधगिरी. निकाल वॉटसन-क्रिक प्रतिकृतीशी जुळतात असं सांगून ते लगेच बजावतात की जे अर्धे भाग आम्हाला दिसले ते म्हणजे एकेक सुटा धागाच, हे अजून दाखवलं गेलेलं नाही. रेणूचे दोन समान भाग होतात हे त्यांनी दाखवलं. ते भाग नेमके काय आहेत, हे त्यांनी रेघेच्या अलीकडे ठेवलं.

मराठीत येताना काय होतं

आपल्याकडे ही चढण बातमीत येता येता सपाट होते. इंग्रजीत 'सजेस्ट्स' असलेलं मथळ्यात 'स्पष्ट झालं' होतं, कारण 'सूचित होतं' हा शब्द मथळ्याला मिळमिळीत वाटतो.

२०१८ च्या जुलैमधला फॉर्मेलिनचा गोंधळ गोव्यातलं कुठलंही मासेखाऊ घर विसरलेलं नसेल. बाहेरून आलेल्या मासळीची बाजारात जागच्या जागी चाचणी झाली, फॉर्मेलिन सापडल्याची बातमी पसरली, मग प्रयोगशाळेच्या तपासणीनंतर प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगण्यात आलं, आणि लोकांचा दोन्हींवरचा विश्वास उडाला. आमच्याकडे कित्येक दिवस सुंगटं-बांगडे आले नाहीत.

आता त्या घटनेची वाक्यं सुटी करू. चाचणीत रंग बदलला, हे चाचणीनं 'दाखवलं'. रंग बदलला म्हणजे फॉर्मेलिनमधलं मुख्य द्रव्य, फॉर्माल्डिहाइड, आहे, हा 'निर्देश'. आणि फॉर्माल्डिहाइड आहे म्हणजे कुणीतरी मासळीवर फॉर्मेलिन मारलं, हे फार तर 'सूचित' होतं. कारण समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं, मासा मेल्यावर ते मोडतं आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड आपसूक तयार होतं. बोंबलासारख्या काही माशांत तर ते बरंच होतं. बाहेरून मारलं हे दाखवून द्यायचं तर त्याच जातीचा, तितकेच दिवस बर्फात ठेवलेला, काहीही न लावलेला मासा शेजारी ठेवून प्रमाण ताडून बघायला हवं. बाजारात पसरलं ते मात्र थेट चौथं वाक्य: विष मारल्याचं सिद्ध झालं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. 'प्रमाण मर्यादेत आहे' यावरून 'कुणी काही मारलं नाही' हे दाखवून दिलं जात नाही. कमी मारलं असेल, बर्फाच्या पाण्याबरोबर धुऊन गेलं असेल. दोन्ही बाजूंनी जेवढं मोजलं त्याच्या पुढचं बोललं गेलं, आणि दोन्ही बाजूंचे ऐकणारे घाबरले ते त्या पुढच्या बोलण्याला.

'दिसलं नाही' म्हणजे 'नाही' का?

क्रियापदाला नकार लागला की ही चूक दुप्पट सोपी होते. "परिणाम दिसून आला नाही" आणि "परिणाम होत नाही हे दिसून आलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात आपण शोधलं आणि सापडलं नाही. दुसऱ्यात नसल्याची हमी आहे. चारच कुंड्या लावल्या तर मिठाचा परिणाम दिसणारही नाही. तो मीठ निरुपद्रवी असल्याचा पुरावा नव्हे, कुंड्या कमी असल्याचा आहे.

१४ जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की नव्या विषाणूचा माणसाकडून माणसाला संसर्ग झाल्याचा स्पष्ट पुरावा प्राथमिक तपासात आढळलेला नाही. जगानं ते 'संसर्ग होत नाही' असं वाचलं. आठवडाभरात, २० जानेवारीला, तसा संसर्ग होत असल्याचं चीनमधून जाहीर झालं.

पण 'सूचित होतं' म्हणजे अंग काढून घेणं नाही का?

हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, विशेषतः राजकारण्यांची भाषा ऐकून कान किटलेल्या लोकांकडून. दावा हातचा राखून करण्याला इंग्रजीत हेजिंग म्हणतात. हेज म्हणजे आपली वई. वई भ्यालेला माणूस घालतो असं नाही. ती शेजाऱ्याला सांगते की माझी जमीन इथपर्यंत, यापुढची माझी नाही. "आमच्या आकड्यांवरून मीठ हे कारण असावं असं सूचित होतं" यात लेखिकेनं आपली हद्द आखली आणि पुढचं काम कुणासाठी उरलंय तेही सांगितलं.

वईवर वई घातली तर मात्र तो आक्षेप खरा ठरतो. "कदाचित असं सूचित होऊ शकतं असं वाटतं" या वाक्यात जमीनच उरत नाही. एका दाव्याला एक वई पुरे.

ही क्रमवारी ठरवली कुणी?

कुणीच नाही, आणि हीच खरी अडचण आहे. 'सजेस्ट्स'च्या खाली 'हिंट्स' आणि 'डेमॉन्स्ट्रेट्स'च्या वर 'एस्टॅब्लिशेस' हे बहुतेकांना मान्य होईल, पण 'इंडिकेट्स' नेमका कितव्या पायरीवर, यावर दोन शास्त्रांतले लोक वाद घालतील. हवामान बदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीला या संदिग्धतेचा इतका त्रास झाला की तिनं शब्दांना आकडे बांधून दिले: 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९०. तिच्या अहवालांतली चढण वाचण्यासारखी आहे. १९९५ मध्ये माणसाचा हवामानावर जाणवण्याजोगा प्रभाव असल्याचं पुराव्यांचा कल 'सुचवतो', एवढंच होतं. २००१ मध्ये अलीकडची बहुतांश तापमानवाढ माणसामुळे असणं 'लाइकली' झालं, २००७ मध्ये 'व्हेरी लाइकली', आणि २०२१ मध्ये 'निःसंदिग्ध'. दरम्यान नुसतं क्रियापद बदललं नव्हतं, मोजमापं जमत गेली होती.

मग 'शोज' नऊ वेळा आलं तर करायचं काय?

भाचीला मी जे सांगितलं ते साधं आहे: क्रियापद बदलू नकोस, वाक्य बदल. "तक्ता ३ असं दाखवतो की मानशीजवळ आकडा जास्त आहे" याऐवजी "मानशीजवळ आकडा जास्त आहे" एवढंच लिही आणि कंसात तक्ता ३ घाल. जे समोर दिसतंय त्याला क्रियापदाची गरजच नाही. अशानं नवांपैकी सहा 'शोज' आपोआप गळाले. उरलेल्या तिघांपैकी एकाचं 'इंडिकेट्स' झालं, एकाचं 'सजेस्ट्स', आणि एक तसाच ठेवला. पिकाच्या घटीबद्दलचं वाक्य आता 'सजेस्ट्स'वर आहे आणि त्याच्यापुढे तिनं स्वतःहून एक ओळ जोडली: कुणग्यांतली पाण्याची पातळी मोजलेली नाही.

पावसाळ्यात ती परसात कुंड्या लावणार आहे. बी चोडणहूनच आणलंय, कोरगुट भाताचं.